अकरा माणसांचा गुलाल

"सर, तुमच्या शीर्षकापेक्षा आपलं नवीन शीर्षक सेहेचाळीस टक्क्यांनी भारी चाललं." माझ्या व्हिडिओंची शीर्षकं सुधारायला पुण्याहून आलेल्या पोरानं मोबाइलवर दोन पट्ट्यांचं चित्र दाखवलं. एक पट्टी बुटकी आणि करड्या रंगाची, ती माझी. दुसरी उंच आणि हिरवीगार, ती त्याची. पट्ट्यांच्या डोक्यावर माणसांचे आकडे नव्हते, फक्त '४६%' आणि वर जाणारा बाण होता. गेली तीस वर्षं मी शेतकऱ्यांना सांगत आलोय की, दुकानदार एकरी उतारा टक्क्यांत सांगायला लागला की आधी टनांत विचारा. म्हणून मी विचारलं, "माणसं किती?" पोरगा जरा अडखळला. मग म्हणाला, "चोवीस आणि पस्तीस."

म्हणजे फरक अकरा माणसांचा. आमच्याकडे अकरा मतांनी सोसायटीची निवडणूक जिंकली तर गुलाल उधळतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथं मतं मोजायची असतात आणि जास्त मतांचा निवडून येतो, विषय संपला. इथं प्रश्न वेगळा होता. हीच चाचणी पुढच्या बुधवारी परत घेतली तर तेच शीर्षक पुन्हा पुढं येईल का? याचं उत्तर गुलालात नसतं.

आधी माझा धंदा सांगतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना मी दर बुधवारी सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ पाठवतो. बहुतेक ऊस, मधूनमधून डाळिंब. सकाळी व्हॉट्सॲपवर फक्त शीर्षकाची ओळ जाते. ज्याला हवा त्यानं '१' पाठवायचा, मग व्हिडिओ जातो. पद्धत गावंढळ वाटेल, पण कोण आलं ते नंबरासकट कळतं. लिंक दिली असती तर ती भावकीच्या ग्रुपवर फिरली असती, एकानं तीनदा दाबली असती, आणि मी दाबण्यांना माणसं समजून बसलो असतो. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६च नंबर बसतात, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. असे गाळून उरले ४१२. दोन याद्या, प्रत्येकी २०६.

माझं शीर्षक होतं: 'आडसाली उसाची बाळबांधणी कधी करावी?' त्याचं: 'बाळबांधणी चुकली? एकरी १५ टन गेलेच समजा!' ते पंधरा टन कुठून आणले, हे मी त्याला विचारलं. "सर, आकडा असला की लोक थांबतात." असो.

आता हिशेब, आणि त्याला कॅलक्युलेटरही लागत नाही. दोन्ही याद्या सारख्या आकाराच्या आहेत. शीर्षकानं काहीच फरक पडत नाही असं धरलं, तर '१' पाठवणारी एकूण ५९ माणसं दोन्हीकडे कशी पडावीत? नाणं उडवल्यासारखी. प्रत्येक माणूस इकडं किंवा तिकडं, सारख्याच शक्यतेनं. मग ५९ वेळा नाणं उडवा. बरोबर निम्मे छापे तर पडूच शकत नाहीत. ३१-२८ पडेल, २७-३२ पडेल. हे नाण्याचे हेलकावे. हेलकावा साधारण किती मोठा, तर एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढा. ५९ चं वर्गमूळ जेमतेम पावणेआठ. आपला फरक अकरा. अकराला पावणेआठनं भागलं की दीडही होत नाही. दोनच्या आत काहीही आलं की मी गप्प बसतो, कारण दोनच्या पुढं नुसतं नाणं विसात एखाद्या वेळीच जातं. आणि ३५-२४ एवढं किंवा त्याहून एकांगी नाणं पडायची शक्यता? शंभरात एकोणीस. म्हणजे दोन शीर्षकांत काडीचाही फरक नसताना दर पाचसहा बुधवारी असा एक 'विजय' आपोआप हातात पडतो. हा नियम जरा कडक आहे, हेही सांगून टाकतो. शेकड्यात चौदा-पंधरा माणसं उत्तर देत असतील तर अचूक गणित थोडं सैल निघतं. पण सैल गणितानंही ही चाचणी पास होत नाही.

उलट बाजूनं पाहिलं तर आणखी मजा येते. त्याच्या शीर्षकानं शंभरामागं पाच माणसं जास्त आणली, हे दिसलेलं. खरा फरक कुठं कुठं असू शकतो? शंभरामागं एकानं कमी इथपासून बारांनी जास्त इथपर्यंत कुठंही. म्हणजे शीर्षक किंचित वाईट असेल, काहीच नसेल किंवा जबरदस्त असेल. ज्योतिषीसुद्धा याहून नेमकं सांगतो. आणि यातून आमच्या पोरानं नेमका ४६ हा आकडा काढून त्यावर बाण काढला.

पण नुसतं योगायोगावर सोडून दिलं तर पोरगा स्वस्तात सुटेल. यादी त्यानं कशी तोडली होती ते बघा. माझ्या फोनात नंबर गावाच्या नावानं सेव्ह आहेत: 'काटेवाडी अमुक', 'सुपे तमुक'. त्यानं यादी अकारविल्हे लावली आणि मधोमध कापली. वरचा अर्धा माझ्या शीर्षकाला, खालचा त्याच्या. दिसायला न्याय्य. पण अंथुर्णे, कळस, काटेवाडी, गुणवडी, डोर्लेवाडी, निमगाव केतकी ही गावं कुठं गेली? वर. मोरगाव, लोणी भापकर, शिर्सुफळ, सुपे? खाली, सगळी. ज्याला हा मुलूख माहीत आहे त्याला पुढं सांगायला नको. ही खालची गावं म्हणजे बारामतीची जिरायत पट्टी. नीरा डाव्या कालव्याचं पाणी तिकडं नाही. कालव्याखालच्या माणसाचा आणि टँकरची वाट बघणाऱ्या माणसाचा उसाच्या बाळबांधणीशी संबंध एकच कसा असेल? खाली माळेगाव आणि सांगवीही होती, तेव्हा पारडं नेमकं कुठं झुकलं हे मी सांगू शकत नाही. पण त्याच्या चाचणीत शीर्षकाची लढाई नव्हतीच. ती 'क' आणि 'स' या अक्षरांची लढाई होती, आणि अक्षरांच्या मागं पाणी होतं.

हीच चूक शेतकरी करतो तेव्हा आम्ही कृषी खात्याची माणसं त्याला हसतो. नवीन वाण पाटाकडच्या चांगल्या सरीत लावायचा, जुना बांधाकडच्या चोपण तुकड्यात, आणि मग म्हणायचं, नव्याला उतारा जास्त! को ८६०३२ असो की फुले २६५, वाण शिफारशीत येण्याआधी त्याची परीक्षा अशी होत नाही. जमिनीचे एकसारखे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण येतात, आणि कोणता वाण कोणत्या प्लॉटात हे चिठ्ठी ठरवते, माणूस नाही. एकदा नाही, अनेक पट्ट्यांत, अनेक हंगाम. ऊस पट्ट्यातल्या पोराबाळांना हे घरबसल्या ऐकून ठाऊक असतं. पुण्यात लॅपटॉप घेतला की विसरतं.

मग मी यादी पुन्हा तोडली. पुतण्याला बसवलं, हातात रुपयाचं नाणं दिलं. नंबर गावाच्या क्रमानंच ठेवले आणि दोन-दोनच्या जोड्या केल्या: सुप्याची दोन माणसं एक जोडी, काटेवाडीची दोन एक जोडी. दर जोडीला एकदा नाणं. छापा आला तर पहिला एक नंबरच्या यादीत, दुसरा दोनच्या. काटा आला तर उलट. जवळजवळ दोनशे वेळा नाणं उडालं. शंभराच्या पुढं पुतण्या कंटाळला. म्हणाला, "नाना, आता अंदाजानंच टाकतो की, काय फरक पडतोय!" तिथंच त्याला थांबवून चहा पाजला, कारण 'अंदाजानं' म्हणजे ओळखीची, उत्तर देणारी माणसं नकळत एका बाजूला जाणार. ज्याला नाण्याचा कंटाळा त्यानं स्प्रेडशीटमध्ये शेजारच्या रकान्यात `=RAND()` टाकावं, आणि जोडीत ज्याचा आकडा मोठा तो एक नंबरच्या यादीत. मात्र आकडे निघाले की लगेच गोठवून ठेवावेत, नाहीतर शीट प्रत्येक वेळी नवे आकडे काढतं आणि मनासारखी वाटणी होईपर्यंत माणूस बटण दाबत बसतो. एका घरातल्या दोघांना मात्र आम्ही एकच माणूस धरलं आणि एकाच यादीत टाकलं. बाप आणि मुलगा जेवायला बसून दोन वेगळी शीर्षकं वाचतात तेव्हा चाचणी ताटातच संपते.

या नव्या याद्यांवर मी पहिल्या बुधवारी एक खोडी काढली. दोन्ही याद्यांना निरोप पाठवला, संध्याकाळी आकडे मोजले आणि त्या पोराला फक्त आकडे कळवले: पहिल्या यादीत १९, दुसरीत ३०. शीर्षकं सांगितली नाहीत. म्हटलं, तू जाणकार, काय वाटतं? त्यानं फोनवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. दुसरं शीर्षक छोटं असणार, मोबाइलच्या एका ओळीत बसत असणार, त्यात कृती सांगितलेली असणार. पहिलं लांबलेलं, पुस्तकी. "अठ्ठावन्न टक्के फरक आहे सर, हा नॉइज असूच शकत नाही."

दोन्ही शीर्षकं एकच होती. 'हस्त बहाराला डाळिंबाचा ताण किती दिवस?' काना-मात्रेचाही फरक नाही.

पलीकडं जरा शांतता पसरली. मग तो म्हणाला, "मग दुसऱ्या यादीतली माणसं जास्त एंगेज्ड असतील." ती यादी रुपयाच्या नाण्यानं केली होती हे सांगितल्यावर रेंज गेली.

मी नशीबवान, हे कबूल. एकाच शीर्षकाला पहिल्याच खेपेला एवढा मोठा हेलकावा दर वेळी मिळत नाही. ४९ माणसांत ३०-१९ किंवा त्याहून एकांगी पडायला सहा-सात वेळा खेळावं लागतं. पण ज्यांना शीर्षकांच्या चाचण्या घ्यायच्या त्यांनी सुरुवात इथूनच करावी. दोन्हीकडे एकच शीर्षक पाठवा आणि जो फरक येतो तो कागदावर लिहून भिंतीला लावा. तो तुमच्या यादीचा स्वतःचा हेलकावा आहे. माझ्या भिंतीवर आजही '३०-१९' लिहिलेलं आहे. अकराचा फरक. जेवढ्यासाठी पोरानं गुलाल आणला होता, बरोबर तेवढाच.

आता मोजण्याची गोष्ट, कारण खरी लबाडी इथं होते आणि ती करणाऱ्यालाही कळत नाही. त्या पहिल्या ३५ ची मी नंबरवार यादी मागितली. निघालं काय, तर रात्री नऊपर्यंत मोजायचं ठरलं होतं, आणि नऊला त्याच्याकडे ३१ होते. उरलेले चार दुसऱ्या दिवशी सकाळचे. का घेतले? "रेंज नव्हती त्यांच्याकडे, इंटरेस्ट होता." बरं. मग माझ्या यादीतल्या तीन जणांनी '१' न लिहिता 'पाठवा सर' असं लिहिलं होतं, ते का नाही घेतले? "ते फॉरमॅटमध्ये नव्हते." एकाच दिवशी, एकाच माणसानं, एका बाजूला कनवाळू आणि दुसऱ्या बाजूला तलाठी व्हायचं!

साताऱ्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या अंदाजाबद्दल हेच दाखवलं होतं. अख्ख्या जिल्ह्याचं उत्पन्न काढायला शेतात एक तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं आणि तोलायचं. तुकडा फार लहान आखला की उत्पन्न हटकून जास्त निघतं. का? तर काठावरचं रोप आत की बाहेर, हा प्रश्न पडला की कापणारा हात ते आत घेतो. मोठ्या तुकड्यात काठ थोडा आणि आतला भाग जास्त, म्हणून चूक बुडून जाते. लहान तुकडा म्हणजे जवळजवळ सगळा काठच. माझ्या चाचणीत सात माणसं काठावरची होती, आणि फरक होता अकराचा. काठ नीट आखला, सगळ्यांना एकच नियम लावला आणि नऊनंतरचे बाद केले, तर हिशेब २७ विरुद्ध ३१ होतो. कुठं गेला तुमचा बाण?

म्हणून निरोप पाठवायच्या आधी वहीत लिहायचं: काय मोजणार, किती वाजेपर्यंत, 'पाठवा सर' धरणार की नाही. आणि आणखी एक, मधे बघायचं नाही. पोरगा दुपारी बारालाच मला '११ विरुद्ध ४, आपण पुढं' असा निरोप पाठवत होता. त्याच क्षणी थांबला असता तर? मधेमधे डोकावून, पुढं दिसलो की थांबायचं, असं ठरवलं की विसात एकदा फसणारी चाचणी पाच वेळा डोकावण्यानं सातात एकदा फसायला लागते. नाणं तेच असतं. तुम्ही त्याला जिंकायच्या जास्त संधी देता, एवढंच.

आता सगळ्यांना नावडणारा भाग. समजा वाटणी चोख, मोजणी चोख. तरी २०६ माणसांत दिसतं काय? माझ्या शीर्षकाला साधारण शंभरात बारा जण येतात. नव्यानं ते पंधरा झाले तर मी खूश. त्याहून मोठी उडी एका ओळीतले शब्द बदलून क्वचितच होते. हा तीनाचा फरक दोन याद्यांत सहा माणसांचा होतो. आणि गप्प न बसण्याचं कुंपण, ते दुप्पट वर्गमूळ, येतं पंधरा माणसांवर. म्हणजे शीर्षक खरंच चांगलं असूनही दहातल्या एखाद्या वेळीच ते कुंपण ओलांडणार. आणि ज्या वेळी ओलांडणार त्या वेळी फरक दिसणार निदान पंधराचा, म्हणजे खऱ्याच्या अडीचपट. लहान यादीवर जिंकलेलं शीर्षक दुसऱ्या आठवड्यात 'पडतं' ते यामुळं. ते पडत नाही, ते पहिल्या वेळी उगाच उंच दिसलेलं असतं. मोठे विजय मिरवणारे लोक मला म्हणूनच सगळ्यात जास्त संशयास्पद वाटतात.

किती माणसं लागतात याचा एक ठोकताळा आहे, तो सोपा आहे: सोळा गुणिले दर, गुणिले एक वजा दर, भागिले फरकाचा वर्ग. बारावरून पंधरावर जायचं, तर मधला दर ०.१३५. १६ × ०.१३५ × ०.८६५, भागिले ०.०३ चा वर्ग. उत्तर दोन हजार शहात्तर, तेही एका यादीत. तेवढी माणसं असली तर खरा फरक पाचातल्या चार वेळा पकडला जातो. फरक निम्मा पकडायचा असेल तर माणसं चौपट. माझ्याकडे २०६. हा आकडा पोराला सांगितला तर तो म्हणाला, "मग यादी वाढवू." माझ्या यादीतला प्रत्येक नंबर बांधावर जाऊन मिळवलेला आहे, ती काय ट्रॅक्टरच्या जाहिरातीनं वाढवू?

जागा कमी असेल तर हंगाम वाढवायचे, हे उत्तर शेतीनं कधीच दिलेलं आहे. एका शीर्षकाची दुसऱ्याशी लढत लावायची सोडून मी दोन तऱ्हांची लावली: एक साधा प्रश्न, एक भीती. दहा बुधवार, दहा विषय, दर वेळी दोन्ही शीर्षकं आधी वहीत आणि दर वेळी वाटणी नव्यानं नाण्यावर. आठवडे बदलले की माणसं बदलतात. आवर्तन सुटलं की सगळे रानात, लाइटीची पाळी रात्रीची आली की सकाळी सगळे झोपलेले. पण ज्या बुधवारी उत्तरं कमी त्या बुधवारी ती दोन्हीकडे कमी, म्हणून तुलना त्याच दिवसाच्या दोन याद्यांतच करायची आणि मग फक्त बेरीज घ्यायची. सहा वेळा भीती पुढं, तीनदा प्रश्न, एकदा बरोबरी. पोरगा तेवढ्यावर गुलाल आणायला निघाला होता.

बेरीज: प्रश्न २५१, भीती २७९. फरक अठ्ठावीस. एकूण ५३० चं वर्गमूळ तेवीस. भागाकार सव्वाच्या आतच. गप्प बसा.

पण या वेळचं गप्प बसणं पहिल्यासारखं आंधळं नव्हतं. पहिल्या वेळी खरा फरक उणे एक ते अधिक बारा, कुठंही लपू शकत होता. आता तो शंभरामागं उणे पाऊण ते अधिक साडेतीन एवढ्या पट्टीत आला. भीतीला फायदा असेलही, पण तो फार तर तीन-साडेतीन माणसांचा. सेहेचाळीस टक्क्यांचा महाल, म्हणजे बारावरून साडेसतरावर जाणं, या पट्टीत कुठंच बसत नाही. एवढ्याशा फायद्यासाठी मी दर बुधवारी माणसाला घाबरवायचं का, याला वर्गमूळ लागत नाही. निमगावच्या एका डाळिंबवाल्यानं सातव्या आठवड्यात मला फोन केला होता: "नाना, रोज काहीतरी गेलंच म्हणता तुम्ही. खरंच गेलं असेल तर कोणत्या वेळी खरं समजायचं?"

मी प्रश्नावर परतलो. पोराचं बिल मी चुकतं केलं. काम केलं होतं त्यानं, चुकीचं का होईना. परवा त्याच्या स्टेटसवर नवीन चित्र पाहिलं. बारामतीचं एक 'कृषी चॅनल', करडी पट्टी, हिरवी पट्टी, '४६%', आणि वर जाणारा बाण. माणसांचे आकडे अजूनही कुठं दिसले नाहीत.